इशरतने पुसलेला नंबर

तांदूळ अर्धेच निवडून झाले होते. सूप ओट्यावर तसंच टाकून इशरत माझ्या दारात आली, ओढणीसुद्धा नीट घेतलेली नव्हती. "काकू, इद्रीसचा नंबर मीच पुसला!"

रोह्यात आमच्या भिंतीला लागून तिचं घर. नवरा इद्रीस आखातात एका कंपनीत. दोघांची ठरलेली रीत होती. शिफ्ट संपवून खोलीवर आला की तो व्हॉट्सअ‍ॅपवर मिस्ड कॉल द्यायचा, हिने उचलायचा नाही. रिंग वाजली म्हणजे माणूस सुखरूप. पण फोनमध्ये साठलेल्या मिस्ड कॉलच्या लाल ओळी बघून सासू टोमणे मारायची, "नवऱ्याचा फोन उचलायला हात दुखतात काय?" तेव्हापासून नमाज झाली की इशरत सगळा कॉल लॉग साफ करायची, अंगण झाडावं तसा.

चार-पाच दिवस इद्रीसची रिंग नव्हती. शुक्रवारी परदेशातल्या अनोळखी नंबरवरून व्हॉट्सअ‍ॅपवर कॉल आला. फसवणारे असेच फोन करतात, असं हिने ऐकलेलं. उचलला नाही. लॉग साफ केला, त्या नंबरचं चॅटही काढून टाकलं.

आज खोलीवरच्या सोबत्याचा फोन आला. इद्रीसला कामावर चक्कर आली, कुठल्याशा दवाखान्यात नेलंय, त्याचा फोन हरवलाय. तिथल्याच कुणाचा तरी फोन मागून त्याने घरी कॉल केला होता. हे सोबत्याला कामावरच्या कुणाकडून उडत उडत कळलेलं; दवाखाना कुठला ते त्याला ठाऊक नाही, कंपनीतही कुणी धड सांगेना.

मी तिला नाक्यावर प्रविणच्या मोबाइलच्या दुकानात घेऊन गेले.

"सिम कंपनीकडं असेल ना नोंद?" मी विचारलं.

"नाय काकू. हा कॉल नेटवरून झाला. कंपनीकडं नुसतं नेट वापरल्याचं दिसेल, कोणी केला ते नाय. बॅकअप चालू होता काय, भाभी?"

"फोनमधली जागा खातो म्हणून बंद केला."

प्रविणने मान हलवली. "तुम्ही पुसलं ते तुमच्याच फोनातलं. ज्यानं कॉल केला त्याच्याकडं हाय अजून. पण तो कोण?"

इशरत पायरीवरच बसली. "या अल्ला." मीही मनात गणपतीचं नाव घेत होते.

तेवढ्यात पेणहून नणंद हुमेराचा फोन, तिच्या नवऱ्याच्या मोबाइलवरून. "भाभी, अम्मीनं सगळं सांगितलं. शुक्रवारी मलाही परदेशातनं कॉल आलेला. मी नाय उचलला. पुसलाही नाय, मी काय पुसत नाय कधी."

इशरत ताडकन उठली. "नंबर सांग!"

"फोन सारखा अडकत होता म्हणून दुरुस्तीला टाकलाय, पेण स्टँडजवळ. दुरुस्तीवाला म्हणालाय, संध्याकाळी सगळं साफ करून देतो."

"आत्ता जा! त्याला हात लावू देऊ नको!"

"गेलेले गो! दुपारचं दुकान बंद हाय. पाटीवर नंबर नाय."

प्रविण पुटपुटला, "त्यानं फॉरमॅट मारला आन् बॅकअप नसेल, तर तिथलंही गेलं."

सूप ओट्यावरच राहिलं. हुमेराला दुकानाच्या दारातच थांबायला सांगून, ते उघडताच फोन ताब्यात घ्यायला इशरत पेणला निघाली.