चांदण्यात काठी

सोलापूरच्या नीलमनगरात एक गोष्ट भाजीच्या गाड्यापासून पिठाच्या गिरणीपर्यंत चहा गार व्हायच्या आत पोचली. अंकिताचा नवरा ऋतुराज दर गुरुवारी एका बाईकडे जातो, आणि मायाक्कानं ते पत्त्यांत बघून सांगितलं! गिरणीवरून परतताना तिला शेपूटही फुटलं: पत्त्यावर त्या बाईची साडीसुद्धा दिसली म्हणे. पोपटी.

पोपटी रंग कुणी भरला, ते मुक्ताबाईला विचारा. मायाक्काची शेजारीण. तिचं घर भिंतीला भिंत लावून, आणि कान भिंतीच्याही अलीकडे.

मायाक्का तशी सांगोल्याकडच्या कोरड्या रानातली, मेंढरामागं वाढलेली. लग्न होऊन सोलापुरात आली तेव्हा कापडगिरण्यांचे भोंगे वाजायचे आणि अख्खं गाव त्या भोंग्यावर भाकरी थापायचं. नवरा सिदू गिरणीत, ही रेल्वे लाइन्समध्ये डिसूझाबाईंकडे स्वयंपाकाला. डिसूझाबाई म्हणजे निवृत्त नर्स, एकटी, केस पांढरेशुभ्र, आणि कपाटात भविष्य बघायचे टॅरोचे पत्ते रेशमी रुमालात गुंडाळलेले. दुपारी भांडी झाली की दोघी जमिनीवर बसत. बाई पत्ता दाखवायच्या आणि विचारायच्या, "मायाक्का, यात काय दिसतं?" मायाक्का सांगायची. मग बाई विचारायच्या, "आणि काय दिसत नाही?" या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यायला कितीतरी वर्षं लागली. बाई गेल्या, सिदू गेला, भोंगे तर त्याआधीच गेले. रुमाल तेवढा राहिला, पत्त्यांसकट. रुमालाला अजून लव्हेंडरचा वास येतो असं मायाक्का म्हणते. खरं म्हणजे आता त्याला शेंगाचटणीचा वास येतो.

तर अंकिता आली ती एका दुपारी. डोळे सुजलेले, पदर खोचलेला. मायाक्का सुपात शेंगा घेऊन सोलत बसली होती.

"मावशी, पत्ते काढा. ह्यांचं कुणी हाय का, येवडंच सांगा. बॅग भरून ठेवलीय. संध्याकाळच्या एस्टीनं मंगळवेढ्याला जाते, आईकडं."

"म्हंजे मी व्हय म्हटलं की तू निघाली?"

"व्हय."

"मग त्या प्रश्नाला पत्ते न्हाय काढत बाय. जो माणूस समोर बसला न्हाय त्याच्या पोटातलं माज्या पत्त्यात येत न्हाय. तुजं इचार. घरात काय लपल्यागत वाटतंय, त्याच्याशी तू कसं वागावं, हे इचार."

अंकितानं नाक ओढलं, मान हलवली. पत्ते पिसले, दोन काढले. पहिला होता समोर काय आहे त्याचा, दुसरा कशापासून जपायचं त्याचा.

पहिला चंद्र. दुसरा सात तलवारी.

सात तलवारीच्या पत्त्यावर एक माणूस पाच तलवारी कवेत घेऊन, मागं बघत, चवड्यांवर चाललाय. दोन तलवारी मागं रोवलेल्या, पलीकडं तंबू. अंकितानं बोट ठेवलं आणि हंबरडाच फोडला.

"बगा! चोर! ह्येच तो!"

भिंतीपलीकडं बांगड्या वाजल्या. मुक्ताबाईला तेवढंच पुरलं.

"गप गं," मायाक्का म्हणाली. "मिशी तरी जुळतीय का तुज्या नवऱ्याची? आधी चंद्र बग. काय दिसतं?"

"दोन कुत्री. वरती तोंड करून."

"एक कुत्रं, एक लांडगा. चांदणं आसलं की दोनी सारखी दिसतात."

आणि मायाक्का क्षणभर सोलापुरातून निघून गेली. तिच्या डोळ्यांपुढं माळ आला, वाघरीच्या जाळीत बसवलेली मेंढरं, घोंगड्यांचा ओला उबदार वास, आणि तिचे वडील, आप्पा. एकदा चांदण्यात जाळीपाशी काहीतरी सरकलं. आप्पांनी कुऱ्हाडीच्या दांड्यानं घाव घातला. उजाडल्यावर बघतात तर त्यांचाच कुत्रा, मोती. रानभर हिंडून राखणीवर परत येत होता. आप्पांनी त्याला बाभळीखाली पुरला आणि त्यानंतर चांदण्यात कधी काठी उगारली नाही. आधी हाक मारायची, ओ आली तर आपलं, नाही तर उजाडायची वाट. लांडगा नसतोच असं ते म्हणत नसत. दोन मेंढरं त्यांची लांडग्यानं खरोखर नेली होती.

"ह्या दोन पत्त्यांचं जोडून बोलायचं," मायाक्का परत येऊन म्हणाली, "तर आसं, की कायतरी झाकलेलं आसू शकतं, आन् तुला ते धड दिसत न्हाय. आसू शकतं म्हणते हां. काय झाकलंय, का झाकलंय, ते ह्यात न्हाय. बाईच हाय, आसं तर कुटंच न्हाय. तलवारीवाला कवा चोर आसतो, कवा लाजून एकटाच वजं वाहणारा आसतो. आन् कोण झाकतंय, ते बी पत्ता सांगत न्हाय."

"म्हंजे?"

"बॅग भरलीस, हे ऋतुराजला ठाव हाय का?"

 चवड्यांवर चालणाऱ्या माणसाकडं अंकितानं पुन्हा बघितलं. यावेळी जरा ओळखीनं.

मायाक्कानं सूप पुढं सरकवलं. "हितं शेंगा ठेव, एका गोष्टीला एक. डोळ्यांनी बगितलं ते एका बाजूला. लोकांनी सांगितलं ते दुसऱ्या. राहिलेलं, मनानं रचलेलं, तिसऱ्या."

डोळ्यांनी बघितलेलं थोडंच निघालं: फोन आला की तो रस्त्यावर जाऊन बोलतो, गुरुवारी उशिरा येतो, ओव्हरटाइम म्हणतो, आणि ओव्हरटाइम नव्हता असं त्याच्याच टॉवेलच्या कारखान्यातल्या माणसानं तिला सांगितलंय.

"ही शेंग सांगितलेल्यात टाक. पर वजनदार हाय, सोडू नको."

तिथंच दुसरी पडली: मुक्ताबाईनं त्याला एका बाईच्या दाराच्या पायऱ्या चढताना बघितलं. तिसरा ढीग मोठा झाला. त्यात ती बाई गोरी होती, तिचा फ्लॅट होता, आणि ती हसायची.

"हात उगारतो का तुज्यावर? धमकावतो?"

"न्हाय वो. मुंगीला बी घाबरतो."

"उगारत आसता तर पत्ते न्हाय, तुज्या भावाला बोलावलं आसतं. न्हाय ना? मग आधी हाक मार, त्यालाच इचार."

"अजून एक पत्ता काढा की, मावशी. खात्रीला."

"मनासारखा येईस्तोवर काढायचा म्हंजे पत्ते न्हाय ते, जुगार झाला." मायाक्कानं पत्ते रुमालात बांधले. "हे दोन पत्ते त्याच्या तोंडावर मारू नको. पत्त्यात आलं, आसं म्हणायचंच न्हाय. म्हणायचं, गुरुवारी तुमी कामावर नसता आसं मला कळलंय, मला भ्या वाटतंय, कुटं आसता? आन् मग गप बसायचं. त्येच अवघड हाय तुला."

अंकिता रडता रडता हसली. जाताना सुपातल्या तिसऱ्या ढिगातल्या शेंगा खात गेली.

मंगळवेढ्याची एस्टी तिच्याविना सुटली. दुसऱ्या दिवशी मायाक्काच्या दारात ज्वारीच्या कडक भाकऱ्या आल्या, आणि अंकिता बराच वेळ तिच्याजवळ बसून गेली. मुक्ताबाईनं त्याचाही अर्थ लावलाच: पकडला, मार खाल्ला, बाई सुटली! आता तिच्या सांगण्यावरून लांबलांबच्या बायका नवरा धरून द्या म्हणत येतात. मायाक्का त्यांच्यापुढं शेंगांचं सूप सरकवते.

ऋतुराजनं अंकिताला सांगितलं ते खरं एवढंच. ती बाई कानाची डॉक्टर होती. पंचवीस वर्षं मागांच्या खडखडाटात ऋतुराजचा उजवा कान गेला होता आणि डावा चालला होता. मालक मागावरून काढील म्हणून त्यानं घरीदेखील सांगितलं नव्हतं. फोनचा आवाज पूर्ण मोठा करावा लागे, म्हणून तो रस्त्यावर जाऊन बोलायचा. यातलं काहीही मायाक्काला पत्त्यांत दिसलं नव्हतं.