बहात्तर ओळी, एकाहत्तर फायली

मॅडमनी दोन्ही मोबाइल टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि विचारलं, "यातलं खोटं कुठलं?"

दोन्ही मोबाइलवर आमच्या महिला मंडळाचं सर्टिफिकेट उघडलेलं होतं. रुग्णसेवा प्रशिक्षण, तीन महिने. नाव एकच, आडनाव एकच, श्रेणी 'अ', क्रमांक चौपन्न. आणि टेबलासमोर बायका उभ्या दोन.

मुलुंडमधल्या एका हॉस्पिटलच्या ऑफिसात हे चाललं होतं. वॉर्डात पेशंटची सेवा करायला बायका हव्या होत्या. आमच्या मंडळाच्या नऊ जणींना मी तिथे घेऊन गेले होते. सात जणींची नोंद झाली. या दोघींची वेळ आली तेव्हा मॅडम रजिस्टरमध्ये सर्टिफिकेटचा नंबर लिहिता लिहिता थांबल्या. चौपन्न नंबर वरच्या ओळीत आधीच लिहिलेला होता.

त्या दोघी चुलत जावा. एकाच गावच्या, एकाच भावकीत दिलेल्या, राहायला भांडुपच्या एकाच चाळीत. नाव तेच म्हणून घरात सगळे मोठी आणि धाकटी असंच म्हणतात. मोठी चाळीस ओलांडलेली, धाकटी सव्वीस-सत्तावीसची. धाकटीची नोंद आधी झाली होती, म्हणून संशय मोठीवर आला.

मॅडमनी मोठीच्या नावापुढे शेऱ्याच्या रकान्यात पेनाने लिहिलं, 'बनावट.' मला वाचता येतं. मी वाचलं.

"हे काय लिहिलंत?"

"आंटी, दोन बायका एकाच नंबरचं सर्टिफिकेट आणतात, मी काय लिहू? धाकटीच्या सर्टिफिकेटचा फोटो एडिट करून आणला असेल. रोज बघतो आम्ही."

"आमची बाई एडिट करते? तिला मोबाइलवर रिचार्ज करायला सून लागते."

"मग सुनेने केलं असेल."

मोठी खाली बघत उभी. धाकटीच बोलली, "मॅडम, ती माझी जाऊ आहे, ती कशाला असं करेल?" त्याने तर आणखी बिघडलं. मॅडम म्हणाल्या, "घरातलीच आहे ना, मग तर सोपं झालं."

मॅडम वाईट नव्हत्या. सरळ सांगितलं त्यांनी. एक वाजता यादी वर जाणार. तीच यादी त्यांच्या आणखी दोन हॉस्पिटलांत जाते. एकदा बनावट म्हणून नाव गेलं की त्या बाईला तिन्हीकडे कोणी दारात उभं करत नाही. घड्याळात साडेअकरा झाले होते.

मी मंडळात फोन लावला. आमचं कॉम्प्युटरचं काम एक मुलगी बघते, बी.कॉम. झालेली, मला आजी म्हणते. सर्टिफिकिटं तीच काढते. पूर्वी आम्ही छापील कागदावर हाताने नावं घालायचो. आता ती शीटमध्ये यादी करते, एका बाईची एक ओळ. नाव, आडनाव, श्रेणी, नंबर. सर्टिफिकेटचा नमुना एकच, त्यात या चार गोष्टींच्या जागा रिकाम्या. प्रोग्रॅम चालू केला की तो एकेक ओळ उचलतो, रिकाम्या जागी भरतो आणि प्रत्येकीची वेगळी पीडीएफ करून फोल्डरमध्ये टाकतो. चहा होईपर्यंत सगळी तयार. मग ती प्रत्येकीला व्हॉट्सॲपवर पाठवते. मला हे झकास वाटलं होतं.

"हॅलो आजी, काय झालं, सिलेक्ट झाल्या का?"

"वाट लागलीय. शीट उघड. चौपन्न नंबर कोणाचा?"

"थांबा हां, हजेरीची वहीपण बघते... चौपन्न, धाकटीचा. मोठीचा एकोणीस."

मी फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. मॅडमनी पेन बाजूला ठेवलं.

"मग मोठीच्या मोबाइलवर चौपन्न कसा?"

"नाही हो आजी, असं कसं होईल? मी यादीवरून एकेकीचं नाव शोधून पाठवलंय. तिचं नाव टाकलं, फाइल आली, पाठवली."

"त्या नावाच्या दोन फायली असायला हव्यात. आहेत का बघ."

टाइप केल्याचा आवाज आला.

"आजी, एकच आहे."

"एकूण फायली मोज."

"एकाहत्तर."

"आणि ओळी?"

"बहात्तर." तिचा आवाज एकदम बारीक झाला. "पण आजी, शेवटी बहात्तर झाल्या असा मेसेज आला होता. खरंच."

मॅडमच पुढे वाकून बोलल्या. "फाइलला नाव काय देतेस?"

"नाव आणि आडनाव, मॅडम."

"एवढंच? नंबर नाही? मधलं नाव नाही?"

"नाही."

"मग काय होणार? एकोणिसावी ओळ आली, त्या नावाची फाइल झाली. चौपन्नावी आली, तेच नाव. पहिली फाइल गेली आणि तिच्या जागी दुसरी बसली. विचारलंसुद्धा नसेल त्याने. केल्या बहात्तर, उरल्या एकाहत्तर."

त्या मुलीने "हो मॅडम" म्हटलं ते रडवेल्या आवाजात. मी म्हटलं, "रडू नको, काम कर."

मॅडम माझ्याकडे वळल्या. "पण मधलं नाव का नाही लिहीत तुम्ही? आधारवर नवऱ्याचं नाव असतं ना? ते असतं तर हे झालंच नसतं."

याचं उत्तर माझ्याकडेच होतं, कारण नियम माझा. पहिल्या वर्गाच्या वेळी एका बाईने स्टेजवरच सर्टिफिकेट परत केलं होतं. नवरा दुसरीकडे राहायला गेलेला आणि सर्टिफिकेटवर मधोमध त्याचं नाव. ती म्हणाली, पेशंटची गादी मी बदलली, त्याने नाही. मला पटलं. माझ्याही घरचा अनुभव वेगळा नव्हता. त्या दिवसापासून मंडळाच्या सर्टिफिकेटवर फक्त बाईचं नाव आणि आडनाव. पोरीने शीटमधला मधला रकानाच काढून टाकला. तिने तेव्हा विचारलंही होतं, आजी, ठेवू का नुसता, दिसणार नाही सर्टिफिकेटवर? मी म्हटलं, दिसणार नाही तर ठेवायचा कशाला? काढ.

मॅडमना मी एवढंच सांगितलं, "नवऱ्याने तीन महिने वर्गात यायचं होतं, मग लिहिलं असतं."

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "फोनवर कोणीही काहीही सांगेल. मला मंडळाच्या ईमेलवरून अख्खी शीट पाठवा. आणि परीक्षा ज्यांनी घेतली त्या डॉक्टरांच्या सहीचा निकाल पाठवा. आणि एकोणीस नंबरची फाइल."

मी पोरीला सांगितलं, फाइलच्या नावात पुढे नंबर घाल, मग नाव. सगळ्या बहात्तर पुन्हा काढ, नव्या फोल्डरमध्ये, आणि पाठवायच्या आधी मोज. ती म्हणाली, दहा मिनिटं द्या. वीस मिनिटं लागली. तेवढा वेळ कोणी बसायला सांगितलं नाही आणि आम्ही बसलो नाही. बाकीच्या सात जणी बाहेरच्या बाकावरून काचेतून बघत होत्या.

बारा वाजून गेल्यावर ईमेल आला. "बहात्तर आहेत आजी, दोनदा मोजल्या," ती फोनवर म्हणाली.

मॅडमनी एकोणीस नंबरची पीडीएफ उघडली. नाव तेच. खाली श्रेणी 'ब.'

मी चष्मा लावून पाहिलं. डॉक्टरांच्या सहीच्या निकालातही 'ब'च होता. इतका वेळ मी नंबरामागे होते, श्रेणीकडे पाहिलंच नव्हतं. पोरीनेही नाही. आणि त्या दिवशीची भरती फक्त 'अ'वाल्यांची होती. खाली नोटीस बोर्डावर तसं लिहिलेलं होतं.

मी मोठीकडे वळले. "निकाल वर्गात वाचून दाखवला होता. तू हजर होतीस?"

"होय."

"मग मोबाइलवर 'अ' आला तेव्हा बोलली का नाहीस?"

ती पहिल्यांदा वर बघून बोलली. "माका वाटलां, तुम्हीच वाढवन दिलात."

"मी?"

"तुम्ही वर्गात म्हटलात, हात चांगलो चलता तुझो. माका वाटलां, म्हणान दिलात."

म्हटलं होतं मी तसं. पेशंट कुशीवर वळवताना तिच्या हाताला घाई नसते. लेखी परीक्षेत मात्र औषधांच्या वेळा चुकल्या. दोन्ही खरं.

"मी कोणाला काही वाढवून देत नाही," मी म्हटलं. हे तिला ऐकवायची ती वेळ होती का, ते मला आजही सांगता येणार नाही. पण मॅडम ऐकत होत्या, आणि बाकीच्या आठ जणींचे 'अ' त्या एका वाक्यावर उभे होते.

मॅडम म्हणाल्या, "म्हणजे चूक हिला माहीत होती."

"चूक तिला माहीत नव्हती. तिला वाटलं मंडळाने दिलं. तिने काही एडिट केलं नाही, काही बनवलं नाही, आम्ही पाठवलं तेच तिने दाखवलं. नियम माझा, मोजलं नाही ते आम्ही. बनावट हा शब्द तिच्या नावापुढे चालणार नाही. तिचं नाव यादीतून काढा हवं तर, पण तो शब्द खोडा."

"खोडते."

"नुसता खोडू नका. खोडलेलं दिसतं, लोक वाचतात. बाजूला लिहा काय झालं ते आणि सही करा."

बारा चाळीसला मॅडमनी शेरा खोडला. वर लिहिलं, 'संस्थेकडून चुकीची फाइल. क्र. १९, श्रेणी ब. या भरतीस अपात्र.' खाली सही. मी ते दोनदा वाचलं, सावकाश, आणि मगच उठले असं म्हटलं असतं, पण आम्ही बसलोच नव्हतो.

गेटबाहेर धाकटी रडायला लागली. "मी पण नाय जात मग. हिला नाय तर मला पण नको."

"गप गं. तू नाही गेलीस म्हणून हिला बोलावणार आहेत का? परवा सातला हजर हो."

मोठी तिला म्हणाली, "जा तू. मुलग्याक मी बघतंय." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "दहा दिवस होता तो 'अ' माझ्याकडे. गावाक पण पाठवलंय फोटो."

मी सगळ्यांना घेऊन स्टेशनकडे निघाले.

पुढच्या वर्गापासून मधला रकाना शीटमध्ये परत आला. सर्टिफिकेटवर तो दिसत नाही. फाइलच्या नावात नंबर पहिला. पाठवायच्या आधी पोरगी वाचते आणि मी कागदावर खुणा करते, आणि ओळी आणि फायली जुळल्याशिवाय एकही बाहेर जात नाही. मोठीला मी पुन्हा परीक्षेला बोलावलं, दोनदा. ती आली नाही. घाटकोपरला एका घरी म्हाताऱ्या बाईंना सांभाळते. तिथे सर्टिफिकेट कोणी विचारलं नाही.

त्या टेबलासमोर आम्ही तिघी उभ्या होतो. धाकटी, तिला नोकरी लागली. मोठी, तिला लागली नाही. आणि तो नियम करणारी मी, भांडुपची, चौथीपर्यंत शिकलेली, सत्तरीतली.