ऑफिसातल्या मुलीचा संध्याकाळचा क्लास

कळंबोलीच्या लोखंड बाजारात आमचे चार-पाच ट्रक आणि एका खोलीचं ऑफिस आहे. नवरा गेल्यावर धंदा माझ्या नावावर आला. मुलगा चालवतो, पण मोठ्या खर्चाला माझा होकार लागतो. हे ऑफिसातल्या मुलीला ठाऊक होतं. म्हणून एका दुपारी माझं जेवण होईपर्यंत ती थांबली आणि मुलासमोरच माझ्याशी बोलली.

ती आमच्याकडे बिल्ट्या करते. गाडीत कोणाचा किती माल आहे, कुठे जाणार आहे, भाडं किती, हे लिहिलेला कागद म्हणजे बिल्टी. तो हातात आल्याशिवाय ड्रायव्हर फाटकाबाहेर पडत नाही.

"काकी, पनवेलला कॉलेजात संध्याकाळचा एक डिप्लोमा आहे, आयात-निर्यातीच्या कागदपत्रांचा. वर्षभराचा. क्लासच्या दिवशी मला साडेपाचला सोडाल का? परीक्षेला आठवडाभर पगारी रजा हवी. आणि अर्धी फी ऑफिसने भरली तर मला जमेल. शनिवारी प्रवेश बंद होतोय."

घरून पाठ करून आली असावी. एका दमात बोलली.

मुलगा हसला. "आनि शिकून झाली की उरणच्या बंदराकडे मोठ्या कंपनीत. आपल्या पैशानं."

"जाईनही, भाऊ. कायम इथेच राहीन असं खोटं कशाला सांगू? पण शिकले आणि लगेच निघाले, असं करणार नाही."

मला ते आवडलं. आमच्याकडे देवाची शपथ घेऊन राहिलेले ड्रायव्हर शिमग्याला गेले ते परत दिसले नाहीत.

"पन आये, गाड्या निघतात संध्याकाळी. तवा ही क्लासला. बिल्ट्या कोन करल, तू?"

"गाड्या चारलाच भरून उभ्या असतात," मी म्हटलं. "तू जेवून झोपतोस, उठून भाडं ठरवतोस, तवर ही बसून असते. भाडं दुपारीच सांग. पाचच्या आत हिचं काम व्हईल."

बाहेर बाकड्यावर बसलेला आमचा जुना ड्रायव्हर म्हणाला, "काकी बरोबर बोलली शेठ. आमी पन वेळेत निघू." मुलाने त्याला चहा आणायला पाठवलं.

मग मी अट घातली. नवा ड्रायव्हर ठेवला की त्याचा एखादा असल कागद आमच्या कपाटात ठेवायचा, ही आमच्याकडची रीत. पळाला तर त्याच्यासाठी परत येतो. मी सांगितलं, "तुझी बारावीची असल मार्कशीट आणून दे. डिप्लोमा झाला की एक वर्ष इथं राहा, मग घेऊन जा."

मुलीचा चेहरा उतरला. "काकी, शनिवारी प्रवेशाला तीच मार्कशीट तपासतात. इथे ठेवली तर प्रवेशच मिळणार नाही. आणि खरं सांगू? मिळाला असता तरी दिली नसती. ती माझी आहे."

मुलगा म्हणाला, "बघ, आतापासून अक्कल शिकवते."

मला राग आला होता. पण बोलली ते खरं होतं. मी फी देणार होते, आणि ज्याने प्रवेश मिळतो ते कपाटात कोंडणार होते. शिवाय असे कागद ठेवूनही पळणारे पळालेच होते. मी म्हटलं, "मार्कशीट ऱ्हाऊं दे तुझ्याकडं. मग भरवसा कशाचा?"

"लिहून देते. वर्ष व्हायच्या आत नोकरी सोडली तर जितके महिने कमी, तितक्या महिन्यांची फी परत करीन. नापास झाले तर पूर्ण परत."

"नापास झालीस तर परत परीक्षेला बस. पैसे नको."

मुलाने तसंच टाइप केलं: साडेपाचला सुट्टी, परीक्षेच्या दिवसांची आणि आदल्या दिवसाची पगारी रजा, पावती दाखवली की अर्धी फी. तिने आठवडाभर रजा मागितली होती, ती दिली नाही. एवढ्या छोट्या ऑफिसात ते जमत नाही, हे तिलाही कळत होतं. दोघींनी सह्या केल्या. शनिवारी ती पावती घेऊन आली.

पहिल्या क्लासच्या दिवशी ती पर्स अडकवून उठली, तेवढ्यात यार्डातून आमची एक गाडी उशिरा भरून आली. ड्रायव्हर दारात उभा. मुलीने पर्स खाली ठेवली आणि परत खुर्चीत बसली.

"उठ," मी म्हटलं.

"एकच बिल्टी आहे, काकी. दहा मिनिटं."

"आज एक, उद्या दोन. फी क्लासला बसायला दिलीय. चल, रिक्षा पकड."

ती मुलाकडे बघत राहिली. तो तोंड वाकडं करून तिच्या खुर्चीत जाऊन बसला. "पासवर्ड तरी सांगून जा गं!"

तिने दारातूनच सांगितला आणि गेली. ड्रायव्हर म्हणाला, "शेठ, नीट लिवा हां. मागं लोखंड हाय माझ्या, कांदे नायत."

त्या बिल्टीला बराच वेळ लागला. पण गाडी गेली.