काळ्या मळीतला चेहरा

साबिनो कारिसो रोज सकाळी कामावर आला की टोपी काढायचा, ओतशाळेच्या कोपऱ्यातल्या काचेच्या बरणीपाशी जायचा आणि तिला एक सणसणीत शिवी हासडायचा. मग आवाज उतरवून म्हणायचा, "सोड त्याला." एवढं झालं की टोपी घालून कामाला लागायचा. नवा माणूस हसायचा, पण एकदाच. मी त्याच कारखान्यात लाकडी साचे करणारा सुतार. माझी जीभ तशी तिखट आहे, आख्खं गाव सांगेल, पण या बाबतीत मीही कधी थट्टा केली नाही.

आमच्या तुकुमान प्रांतात कुठल्याही साखर कारखान्यात जा, तळघरात काळा कुत्रा असतोच. त्याला फामिल्यार म्हणतात. मालकानं त्याच्याशी करार केलेला असतो: गळीत चांगलं व्हावं म्हणून दर हंगामाला एक माणूस त्याचा. बाकीचे कारखाने सांगतात की आपला कुत्रा बॉयलरखाली राहतो. आमचा बरणीत राहायचा.

त्या बरणीचं काम साधं होतं. साखरेतली मळी वेगळी काढायची जी फिरती भांडी असतात, त्यांच्या उभ्या दांड्याखाली काशाची एक खोलगट वाटी लागते. ही वाटी आम्ही फिरत्या बैठकीवर ओतायचो. साचा गरगर फिरतोय, वरून वितळलेलं कासं ओतायचं. ते कडेनं वर चढतं, मधे खड्डा पडतो आणि तसंच गोठतं. वाटीचा खोलगा कुणाला कोरावा लागत नाही. फक्त वेग बरोबर हवा. म्हणून साचा ठेवण्याआधी त्याच बैठकीवर त्याच घेराची बरणी ठेवायची, बरणी आणि बैठकीचा उभा काठ यांच्यामध्ये तीन बाजूंनी लाकडी पाचरी ठोकायच्या आणि बरणीत कारखान्याची काळी मळी घालून फिरवायची. मळीवर चिपाडाची एक काडी तरंगत असते. ती काडी आणि काचेवरची खूण एकमेकींना न सोडता फिरायला लागली की समजायचं, सगळी मळी बरणीसकट एकच वस्तू झाली. मग खड्ड्याचा तळ काचेवर ओरखडलेल्या रेघेपर्यंत उतरेल असा वेग लावायचा. मळी असो की कासं, वेग आणि घेर तोच असला की खड्डा तसाच पडतो. जड-हलकं तो बघत नाही.

आणि मग चेहरा बघायचा. हे कुणी सुरू केलं देव जाणे. ओतणारे सगळे एकेक करून हनुवटीशी कंदील धरून बरणीवर वाकायचे. त्या काळ्या खड्ड्यात आपला चेहरा दिसतो, पण नाण्याएवढा, उलटा, केस खाली आणि हनुवटी वर. आणि तो मळीत नसतोच, मळीच्या जरा वर अधांतरी लटकलेला असतो. खाली सगळं फिरत असतं आणि तो मात्र स्वस्थ. बैठक हादरत असेल, पट्टा झटके देत असेल, तर चेहरा थरथरतो, फाटतो. स्वस्थ असला तर ओतायला हरकत नाही. मी एकदाच वाकून पाहिलं. त्या इवल्या उलट्या माणसानं माझ्याकडे असं पाहिलं की दोन दिवस जेवण गेलं नाही.

साबिनोचा धाकटा भाऊ आन्सेल्मो याच बैठकीवर गेला. त्या दिवशी त्यानं स्वतः वाकून पाहिलं होतं आणि हसत ओरडला होता, "अगदी स्वस्थ आहे रे माझं थोबाड! ओतू या!" ओतलं. कासं एका अंगानं काठावरून उसळलं आणि मुशीची पुढची दांडी धरून ओतणाऱ्या आन्सेल्मोच्याच अंगावर आलं. त्याला संध्याकाळही बघायला मिळाली नाही.

साबिनो तेव्हा मुशीच्या मागच्या दांडीला होता. त्याला एकच प्रश्न खात राहिला: चेहरा स्वस्थ होता, मग असं का व्हावं? उत्तर त्यानं आपल्या परीनं शोधलं. बरणीतला तो खोटं बोलला. त्यानं आन्सेल्मोला फसवून आत ओढला.

त्या दिवशीची वाकडीतिकडी गोठलेली वाटी साबिनोनं भट्टीत जाऊ दिली नाही. ओतशाळेच्या दाराशी कोनाड्यात ठेवली. सोमवार मृतांचा वार, दर सोमवारी तिच्यात मेणबत्ती लावायचा. मेणबत्ती नेहमी एका बाजूला कलायची. आम्हाला वाटायचं वारा असेल.

दोघा भावांचे चेहरे एकमेकांवर बेतलेले होते, लांबून हाक मारताना आई चुकायची. एकदा मी पाचरी तासत होतो, साबिनो बरणीवरून सरळ झाला आणि कंदील विझवत मला म्हणाला, "आन्सेल्मोचे केस पिकायला लागलेत, सुतारा."

माझ्या हातातली पटाशी खाली पडली. "वय झालं त्याचं," मी म्हणालो.

"हो ना," तो म्हणाला, आणि चक्क समाधानानं म्हणाला.

आन्सेल्मोचा मुलगा फेर्मीन हुबेहूब बापासारखा मोठा झाला आणि हट्टानं ओतशाळेतच आला. साबिनोनं त्याला बाकी सगळं करू दिलं, पण ओतायला कधी उभं केलं नाही. "तुझ्या बापाच्या जागी मी आहे," म्हणायचा, आणि मुशीची पुढची दांडी स्वतः धरायचा. पण त्या हिवाळ्यात साबिनोचा खांदा पार कामातून गेला, मूस पेलेना. आणि नेमकी भर गळितात भांड्याखालची वाटी फुटली.

गळितात आमचा कारखाना कधी गप्प नसतो. झोपेतसुद्धा तो आवाज कानात असतो. त्या दुपारी तो थांबला. सगळं गाव वामकुक्षीला आडवं झालेलं, धुराड्यातून धूर नाही, रस्त्यात ऊस भरलेल्या गाड्या तशाच उभ्या. त्या शांततेत ओतशाळेतली बैठक तेवढी घूं घूं फिरत होती. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं, खोटं कशाला सांगू.

ओतशाळेचे साहेब ओल्मेदो, बाकी भला माणूस, घड्याळाकडे बघत येरझारा घालत होते. एकेक जण बरणीवर वाकला. स्वस्थ. स्वस्थ. शेवटी फेर्मीन, आयुष्यात पहिल्यांदाच, वाकला आणि वाकलेलाच राहिला.

"काय रे?" साबिनोनं विचारलं.

"काका, आत बाबा आहेत."

कुणीतरी छातीवर क्रूसाची खूण केली. साबिनो पांढराफटक पडला. त्यानं पोराला बखोटं धरून मागे ओढलं, स्वतः कंदील घेऊन वाकला आणि ओरडला, "हा नाही! हा मिळणार नाही तुला! एक नेलास तेवढा बास झाला, कुत्र्या!"

"साबिनो," ओल्मेदो समजुतीनं म्हणाले, "चेहरा हलतोय का?"

"नाही."

"मग?"

"तेव्हाही हलत नव्हता, साहेब."

"कासं तयार आहे. बैठक थांबवा, साचा ठेवा. फेर्मीन, हो पुढं."

"काका, ओतू द्या ना," फेर्मीन म्हणाला. "किती वर्षं मला लपवणार? गावात पोरं मला 'काकाची कोंबडी' म्हणतात."

बैठक थांबली. खड्डा भरून आला, मळी सपाट झाली. साबिनो बरणीला मिठी मारून गुडघ्यावर बसला. पाचरी काढू देईना. आम्ही दोघं-तिघं त्याला उचलायला गेलो, तेवढ्यात त्याचं रडणं एकदम थांबलं. त्याचं नाक काचेला टेकलं होतं.

"सुतारा, तुझी मोजपट्टी आण."

मळी जिथवर चढली होती तिथवर काच अजून काळी होती. तो काळा काठ सरळ नव्हता. एका बाजूला बोटभर उंच, समोरच्या बाजूला तेवढाच खाली. आम्ही सगळे इतकी वर्षं बरणीत डोकावत आलो होतो, बरणीकडे कुणी बघितलंच नव्हतं.

ओल्मेदो खाली वाकले. काळा काठ बोटानं चहूकडून तपासला. मग म्हणाले, "पाचरी काढा."

उंच काठाच्या समोरची पाचर काढली. तिच्यामागे, बैठकीच्या काठाला चिकटून, मागच्या ओतकामाचा काशाचा एक थेंब गोठून बसला होता, हरभऱ्याएवढा. तेवढ्यानं बरणी बाजूला सरकली होती.

"खड्डा बरणीच्या मधे पडत नाही," ओल्मेदो हळू म्हणाले, "फिरण्याच्या मधे पडतो. बरणी सरकली तरी तो आपल्या जागीच राहतो. मधल्यापासून लांब गेलेल्या काठावर मात्र जास्त चढतो. म्हणून चेहरा स्वस्थ दिसला. बैठक हादरत नसेल तर तो स्वस्थच दिसणार. साचाही तसाच सरकून बसला असता आणि त्या काठावरून कासं..." मग उठून कोनाड्यातली ती जुनी वाटी घेऊन आले आणि खिडकीच्या उजेडात धरली. एक भिंत जाड, समोरची पातळ. खोलगा एका बाजूला. मेणबत्ती वाऱ्यानं कलत नव्हती.

"तेव्हाही?" साबिनोनं विचारलं.

"असंच काहीतरी असणार. मीही कधी पाहिलं नाही, साबिनो. माझंही ते काम होतं."

साबिनोनं तो थेंब तळहातावर घेतला. कुणी हात लावेल म्हणून मूठ मिटली.

आम्ही बैठक खरवडून साफ केली, बरणी पुन्हा बसवली, फिरवून थांबवली; काठ चहूकडून सारखा आला. मग साचा ठेवला. फेर्मीननं ओतलं. कासं कडेनं वर चढलं, मधे तांबडा खड्डा पडला आणि हळूहळू करडा होत गेला. आम्ही टाळ्या वाजवल्या. कारखान्याचा आवाज परत सुरू झाला तेव्हा गावात बायका अंगणात येऊन हसत होत्या. साबिनो मात्र भिंतीशी बसून होता. मी शेजारी जाऊन बसलो, माते, आमचा कडवट पानांचा चहा, प्यायला दिला, त्यानं घेतला नाही.

"कुणी नव्हतंच का रे आत?" त्यानं विचारलं.

"नव्हतं."

"मग मी रोज कुणाला शिव्या देत होतो?"

मी तो चहा त्याच्या हाताशी ठेवून दिला. खरं सांगायचं तर बरणीतला कुत्रा गेला याचा मला आनंद व्हायला हवा होता, आणि तो होत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला, टोपी काढली, बरणीपाशी गेला. शिवी आली नाही. ती बैठकीवर बसवून फिरवली, कंदील हनुवटीशी धरला आणि वाकला. मी त्याच्या मागे उभा राहून खांद्यावरून पाहत होतो. मळीच्या वर तो इवला, उलटा, पिकल्या केसांचा चेहरा लटकत होता, अगदी स्वस्थ. साबिनो त्याच्याकडे पाहत राहिला. त्यानं एक हात गालाला लावला. आतल्यानंही लावला.

"हा मीच आहे," तो म्हणाला.

मी आणखी जवळ सरकलो. त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तर तो माझ्याकडे न बघताच बोलला.

"मला वाटायचं, सुतारा, निदान आम्ही दोघं मिळून म्हातारे होतोय."