पहिल्या वाढीची तारीख

चंद्रपूरच्या ज्या कॉलेजात मी प्रयोगशाळा सहायक म्हणून लागले, तिथे सूक्ष्मजीवशास्त्राची खोली पश्चिमेकडे तोंड करून होती. एप्रिलपासून तिथे भट्टीच पेटायची. मी रोज बल्लारपूरहून पॅसेंजरने यायची. ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. ती मी घरात कोणालाच कधी सांगितली नाही.

आमच्या मॅडम लाखोळी या कडधान्याच्या मुळांवर काम करत होत्या. आमच्याकडे धान उभं असतानाच बांधीत, म्हणजे भाताच्या बांध घातलेल्या शेतात, लाखोळीचं बी फेकतात आणि धान कापल्यावर ती त्याच ओलीवर वाढते. तिच्या मुळांवर गाठी येतात. गाठींतले जीवाणू हवेतला नत्र पकडून झाडाला देतात. नागभीडजवळच्या एका गावात पन्नाशीची एक बाई स्वतः शेती करायची. तिच्या बांधीतली लाखोळी सगळ्यांत हिरवीगार असायची. जानेवारीत मॅडम आणि मी तिथे गेलो. बाईने स्वतः कुदळीने झाडं खोदून दिली. गाठी टपोऱ्या होत्या. नखाने फोडल्यावर आतून गुलाबी निघाल्या.

त्या गाठींतून आम्ही जीवाणू वेगळा केला आणि निर्जंतुक वाळूच्या कुंड्यांमध्ये लाखोळी लावून तपासला. महिनाभरात मुळं गाठींनी भरली. मॅडम खुर्चीवरून उठून माझ्याजवळ आल्या.

"आता याला हात लावायचा नाही," त्या म्हणाल्या. "आजच ग्लिसरॉलमध्ये ठेव. दहा कुप्या कर. एक नळी नागपूरला पाठवू, तिथे फ्रीज ड्राय करून देतील."

काम सोपं होतं. द्रव माध्यमात वाढवलेल्या जीवाणूंत तेवढंच निर्जंतुक ग्लिसरॉलचं द्रावण मिसळायचं आणि छोट्या कुप्या डीप फ्रीझरमध्ये ठेवायच्या. ग्लिसरॉलमुळे बर्फाचे स्फटिक पेशी फाडत नाहीत. पण आमच्याकडे वीज जायची, म्हणून मॅडमना नागपूरचीही सोय हवी होती. तिथे जीवाणू दुधात मिसळून गोठवतात, मग हवा ओढून घेऊन त्यातला बर्फ वाफेच्या रूपाने काढून टाकतात आणि काचेची नळी ज्योतीवर वितळवून बंद करतात. अशी नळी वीज नसली तरी वर्षानुवर्षं टिकते.

त्या दिवशी माझ्या मोठ्या बहिणीचा, आपाचा साखरपुडा होता. मला दुपारची गाडी पकडायची होती. "उद्या करते," असं मनाशी म्हणत मी जीवाणूची नळी फ्रिजमध्ये ठेवली आणि निघाले.

उद्या परीक्षा आल्या. परवा प्रॅक्टिकल. मुलांना दाखवायला तोच जीवाणू मी एका नळीतून दुसरीत उतरवत गेले. दर पंधरा दिवसांनी नवी नळी, जुनी धुवायला. मूळ नळी कधी धुतली गेली ते मला आठवत नाही. एप्रिलमध्ये तीन दिवस वीज नव्हती, तेव्हा नळ्या त्या भट्टीसारख्या खोलीत टेबलावरच होत्या. वाढ मात्र छान दिसत होती, पांढरी, चिकट.

जूनमध्ये मॅडमनी विचारलं, "कुप्या केल्या ना गं?"

"हो मॅडम, तेव्हाच."

त्या दुपारी मी दहा कुप्या केल्या, शेवटच्या नळीतून. चिठ्ठीवर लिहिलं 'पहिली वाढ' आणि फेब्रुवारीची तारीख. नागपूरला पाठवलेल्या नळीवरही तेच लिहिलं. महिन्याभराने बंद काचनळ्या आल्या, प्रत्येकीत कागदाची बारीक पट्टी आणि तिच्यावर माझी खोटी तारीख. मॅडमनी एक नळी उजेडात धरून विद्यार्थ्यांना दाखवली. मी दाराजवळ उभी होते.

ऑक्टोबरमध्ये मॅडमनी त्यातली एक नळी फोडून जीवाणू वाढवला. तो भराभर वाढला. कोळशाच्या भुकटीत मिसळून आम्ही पाकीट केलं आणि त्या बाईला दिलं. तिने त्या वर्षी जंगलाकडची पडीक जमीन नव्याने बांधीत आणली होती, तिथे लाखोळी कधी झालेली नव्हती, म्हणून मातीत तिचे जीवाणूही नव्हते. गुळाच्या पाण्याने बियाण्याला पूड लावून सावलीत वाळवायचं, उन्हाने जीवाणू मरतात, हे मॅडमनी तिला दोनदा समजावलं.

जानेवारीत आम्ही गेलो तर लाखोळी पिवळी आणि वीतभर. मुळांवर एकही गाठ नव्हती.

"बियाणं उन्हात तर नाही ठेवलं?" मॅडमनी विचारलं.

"नाई मॅडम. पडवीत होतं, सावलीतच."

बांधावर तिचा दीर उभा होता. तो हसला. "उन्हातच ठेवलं असंन हिनं. हिले काय समजते? म्या घरी म्हटलंच होतं, नवी जमीन हिच्या हाती नोको देऊ."

 तिने खाली वाकून एक रोप उपटलं आणि त्याच्या मुळाकडे बघत राहिली. मॅडमनी वहीत लिहिलं, 'बियाणे बहुधा उन्हात वाळवले.' मी शेजारीच होते. माझ्याने एक शब्द काढवला नाही.

मार्चमध्ये मॅडमनी दुसरी नळी फोडून कुंड्यांत तपासली. गाठ नाही. मग त्यांनी नागपूरच्या प्रयोगशाळेला पत्र लिहायला घेतलं, की तुमच्या प्रक्रियेत जीवाणू बिघडला. टाईप करायला कागद माझ्या हातात दिला. मी यंत्रावर कागद चढवला, पहिली ओळ उमटवली आणि रडायला लागले. मग सगळं सांगितलं.

 मॅडम ओरडतील असं मला वाटत होतं, पण त्यांनी यंत्रावरचा कागद काढून घेतला.

"नळीत खोट नाही," त्या म्हणाल्या. "तू जे दिलंस ते नळीने जसंच्या तसं ठेवलं." गाठी धरण्याचे गुण या जीवाणूंत बहुतेकदा मुख्य गुणसूत्राबाहेरच्या, डीएनएच्या वेगळ्या वर्तुळावर असतात, हे त्यांनी मला समजावलं. पुन्हा पुन्हा नळ्या बदलताना आणि उष्णतेत ते वर्तुळ हरवतं. जीवाणू जगतो, वाढतो, दिसायलाही तोच असतो. फक्त झाडाच्या कामाचा राहत नाही.

मग त्यांनी वही उघडली आणि ती ओळ माझ्यादेखत खोडली. "शेतात जाऊन सांगायचं काम तुझं," त्या म्हणाल्या. "मी येणार नाही."

नागभीडच्या स्टेशनवरून गावापर्यंत मी जीपमध्ये दाटीवाटीने बसून गेले. बाई अंगणात शेणी थापत होती. तिने हात धुतले, पाणी दिलं. मी सांगितलं, अडखळत, कधी तिच्याकडे न बघता. चूक तिची नव्हती, माझी होती.

 सगळं ऐकून ती म्हणाली, "दीर दिवाळीपर्यंत ते जमीन घेऊन घेन म्हणते. गावात सांगत फिरते का मले शेती येत नाई."

"मी त्यांना सांगते. आत्ताच सांगते."

"तू बांधावर व्हतीस ना त्या दिवशी?"

"होते."

"मंग तवाच काऊन नाई बोलली, पोरी?"

  दीर घरी आला तेव्हा मी त्याला सांगितलं, त्याने मान हलवली आणि बैलांना पाणी पाजायला निघून गेला. त्याने ऐकलं का, मला कळलं नाही.

पुढच्या जानेवारीत तिच्या जुन्या बांधीतून तिने पुन्हा झाडं खोदू दिली. एकाच शेतात अनेक प्रकारचे जीवाणू असतात. आम्ही अकरा वेगळे केले, सगळे कुंड्यांत तपासले. बरे होते. पहिल्यासारखा एकही नव्हता. त्यातला चांगला निवडून मी त्याच दिवशी कुप्या केल्या आणि खरी तारीख घातली. मॅडम शेजारी उभ्या राहून बघत होत्या. मी कॉलेज सोडेपर्यंत त्या प्रत्येक वेळी तशाच उभ्या राहत.

नवी जमीन त्या बाईकडे राहिली की नाही, हे मी पुढे कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.