सगळ्यांची उत्तरं बरोबर

आमच्या घरी पुस्तकांआधी पत्रकं आली. मोर्चाच्या आदल्या दिवशी वडील गठ्ठे आणायचे. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवली. त्यामुळे अन्याय दिसला की मला आधी मजकूर सुचतो, विचार मागून येतो.

सिव्हिल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी सरांनी शिकवण्याची रीतच उलटी केली. व्हिडिओ आदल्या दिवशी घरी पाहायचा, वर्गात आल्या आल्या मोबाइलवर छोटी क्विझ द्यायची आणि मग तासभर गटात गणितं सोडवायची. मागच्या बाकावर पेंगणारी पोरं फळ्यापाशी भांडू लागली. मलाही मजा यायची. पण माझ्या शेजारी बसणारी नांदूरघाटची मैत्रीण गप्प झाली. तिच्या घरी रेंज नव्हती आणि एसटी तासाच्या तोंडावर पोचायची.

"ही परीक्षा अभ्यासाची न्हाई, रेंजची हाय," असं मी वर्गाच्या ग्रुपवर लिहिलं. दुसऱ्या तुकडीची तीच क्विझ एक दिवस आधी व्हायची. तिथली उत्तरं मिळवून मी सगळ्यांना वाटू लागलो. मला ते न्यायाचं काम वाटत होतं.

सर स्क्रीनवर क्विझचा निकाल बघून खूश व्हायचे. "पाया पक्का झालाय. आज थेट अवघड गणितं घेऊ."

मिड-सेममध्ये ती नापास झाली. विषय राहिला तर तिचं वर्ष जाणार होतं. मी तिला घेऊन तावातावाने सरांकडे गेलो. ज्यांच्याकडे रेंज नाही त्यांनी काय करायचं, असं बरंच बोललो. सरांनी ऐकून घेतलं आणि लॅपटॉप आमच्याकडे वळवला. तिची प्रत्येक क्विझ बरोबर होती.

"क्विझला मार्क नव्हतेच रे," सर म्हणाले. "कुणाचं कुठं अडलंय ते मला कळावं म्हणून ती होती. हिचं कुठंच अडलेलं दिसलं नाही, म्हणून हिला मी परत शिकवलंच नाही."

माझा मजकूर संपला.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "लई समता आणलीस. समदे सारखे हुशार दिसलो."

"सरांना सांगितलं कावून न्हाई?"

"तुजं नाव आलं असतं."

मी तिथूनच माघारी जाऊन सरांना सगळं सांगितलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. "आता खरी क्विझ द्या," एवढंच म्हणाले.

पुढच्या तासाला तिने क्विझ कोरी दिली. सर स्टूल ओढून तिच्याजवळ बसले आणि बीमवर भार कसा येतो तिथपासून सुरू केलं. शेजारी आमचा गट पुढची गणितं सोडवत होता. ती दर ओळीला विचारत होती, "सर, हे कावून?" इतके दिवस हे प्रश्न तिच्याकडे होतेच. माझ्या उत्तरांखाली ते दबून राहिले होते. मी मान खाली घालून आकृती काढत राहिलो.