सासूबाईंची बादली

माझ्या सासूबाई हॉस्पिटलात सफाईचं काम करतात. बावीस वर्षं झाली. शिक्षण सातवीपर्यंत. मी तिथेच नर्स आहे. वॉर्डात सगळे त्यांना मावशी म्हणतात, मी मात्र तिथेही आईच म्हणते.

फरशीचं जंतुनाशक त्या स्वतः कालवतात. एक लिटर औषध, नऊ लिटर पाणी. हे माप का, असं त्यांनी कामाला लागल्यावर औषधवाल्या म्हाताऱ्या बाबांना विचारलं होतं आणि समजेपर्यंत त्यांचा पिच्छा सोडला नव्हता.

त्या सकाळी नवे कॅन आले. आईंनी रोजच्या मापाने बादली भरली आणि नाकाला पदर लावला.

"खिडक्या उघड गं," त्या मला म्हणाल्या. "वास फार उग्र येतोय."

मग कॅन उचलून डोळ्यांजवळ धरला. जुन्यावर पाच टक्के असायचं, ह्यावर दहा होतं. कोणी सांगितलंच नव्हतं.

तेवढ्यात सुपरवायझर आले. नवीनच होते. आईंना कॅन वाचताना पाहून म्हणाले, "मावशी, माप तेच ठेवा, डोकं चालवू नका."

"साहेब, डोकं घरी ठेवून येता येत नाही," आई म्हणाल्या. "लिटरभर औषधात आता शंभर मिली अर्क आहे. पाणी घातलं तरी अर्क तेवढाच राहतो, नुसता पसरतो. दहा लिटरात शंभर, म्हणजे एक टक्का झाला. आपल्याला अर्धा टक्का लागतो. आजारी माणसांच्या छातीला हे झेपायचं नाही."

साहेब जरा वरमले. "बरं, मग आणखी पाच लिटर पाणी ओता."

"पंधरा लिटरात शंभर? ते दोन तृतीयांश टक्का होईल. अजून जास्तच. पाणी दहा लिटर घालायला हवं, म्हणजे वीस लिटरात शंभर. बरोबर अर्धा."

साहेबांनी मोबाइल काढला आणि आकडे टाकून पाहिले. बाकीच्या बायका आपापल्या बादल्या घेऊन दारात थांबल्या होत्या. कोणीच आत पाऊल टाकेना.

"मावशी म्हणतात तसंच करा," साहेब शेवटी म्हणाले.

वीस लिटर एका बादलीत मावेना, म्हणून आईंनी निम्मं दुसरीत काढलं आणि दोन्हींत पाच-पाच लिटर पाणी ओतलं. नव्या कॅनसाठी माप ठरलं: अर्धा लिटर औषध, साडेनऊ लिटर पाणी.

सोमवारी साहेबांनी सगळ्या वॉर्डांतल्या अकरा जणींना सामानाच्या खोलीत गोळा केलं आणि आईंच्या हातात खडू दिला. फळ्यावर पहिला आकडा लिहिताच त्यांचा आवाज खणखणीत लागला.

बाजूला उभ्या असलेल्या डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, "ह्या कोण?"

मी मान ताठ करून म्हणाले, "माझ्या सासूबाई."